मोडेम, राऊटर, एक्स्टेंडर आणि त्यांच्यामधल्या रेषा: घरच्या नेटवर्कची आकृती वाचताना

प्रश्न: आमच्या घरात नेट ज्याने बसवलं त्याने वहीच्या पानावर एक आकृती काढून दिली होती, तिचा फोटो पाठवतोय. मोडेम, राऊटर, एक्स्टेंडर एवढं वाचता येतं. पण काही रेषा सरळ आहेत, काही नागमोडी, एक तुटक आणि एक पेन्सिलने काढलेली फिकट. कोणती रेषा म्हणजे नक्की काय? मोडेमपाशी 192.168.1.1 आणि राऊटरपाशी 192.168.0.1 लिहिलंय ते कशासाठी? आणि मागच्या खोलीत रेंज फुल दिसते तरी नेट रखडतं, त्याचा यातून काही पत्ता लागतो का?

उत्तर:

लागतो, आणि तो त्या तुटक रेषेतच आहे. पण तिच्याआधीच्या दोन जोडण्या समजल्याशिवाय तिचा अर्थ नीट लागणार नाही, म्हणून डावीकडून सुरुवात करू.

त्याआधी एक गोष्ट बघा. फोटो मोठा करून राऊटरच्या चौकोनावर या. त्याच्या खालच्या कडेला पाच बारीक चौकोन काढले आहेत, चार सलग आणि एक जरा अंतर सोडून. ही राऊटरच्या मागची पोर्टं. राऊटरकडे येणारी प्रत्येक सरळ रेष यातल्या कुठल्या ना कुठल्या बारीक चौकोनाला टेकते. नागमोडी रेषा आणि ती तुटक रेष मात्र वरच्या कडेला, अँटेनाच्या दोन काड्यांपाशी सुटतात. काढणाऱ्याने रेषांची सूची लिहिलेली नाही, पण टोकं इतकी काळजीपूर्वक टेकवली आहेत की सूचीची गरजच पडत नाही. चौकोनाला टेकली ती केबल, अँटेनापाशी सुटली ती वायफाय.

हे मुद्दाम सांगतोय, कारण नुसत्या रेषेच्या आकारावर विसंबलात तर फसाल. नेटवर्किंग शिकवणाऱ्या काही आकृत्यांमध्ये तुटक रेष म्हणजे क्रॉसओव्हर केबल असते, आणि वीज कडाडल्यासारखी कोनाकोनाची रेष म्हणजे दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारी लिंक. घरगुती आकृतीत प्रत्येक जण आपापल्या सवयीने काढतो. म्हणून मी कुणाचीही आकृती हातात आली की आधी रेषेचं टोक कुठे जातं ते बघतो.

आणखी एक. टीव्हीकडे जाणारी सरळ रेष मध्येच तुटक रेषेला छेदून जाते. तिथे ठिपका नाही, म्हणजे तिथे जोड नाही. कागदावर जागा नव्हती म्हणून ती वरून गेली आहे, एवढंच. नेटवर्कची केबल विजेच्या वायरसारखी मध्येच सोलून दुसरी फाटा काढून जोडता येत नाही. एका केबलचे दोन फाटे करायचे तर मध्ये स्विच नावाचा डबा लागतो, आणि तसा डबा तुमच्या आकृतीत कुठेही नाही.

आता पहिली रेष, इंटरनेट दाखवणाऱ्या ढगापासून मोडेमपर्यंतची. फोटोत डावी कड थोडी कापली गेली आहे, तरी भिंतीची दुहेरी रेघ आणि शेजारी लिहिलेलं 'हिरवी पिन' स्पष्ट वाचता येतं. त्या दोन शब्दांनी बरंच काम सोपं केलं. हिरवी प्लास्टिकची चौकोनी पिन फायबरच्या वायरला असते. म्हणजे तुमच्याकडे नेट फायबरवरून येतं, आणि ज्याला आकृतीत मोडेम म्हटलंय तो खरं तर फायबरमधल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा आहे. काटेकोर बोलायचं तर मोडेम हे नाव टेलिफोनच्या किंवा केबल टीव्हीच्या तारेवर चालणाऱ्या डब्याचं, पण बोलीभाषेत सगळेच याला मोडेम म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. काम तेच: बाहेरून आलेलं कनेक्शन घरातल्या केबलला समजेल अशा रूपात देणं.

या रेषेच्या बाबतीत तुमच्या हातात फार काही नाही. आतली काच केसासारखी बारीक असते. वायर काटकोनात दुमडली किंवा कपाटाच्या मागे चेमटली, तर प्रकाश वळणावरच बाहेर गळतो आणि नेट कधी चालतं कधी बंद पडतं. अशा वेळी मोडेमवरचा फायबरचा दिवा, ज्यावर बहुतेक पॉन किंवा लॉस असं छापलेलं असतं, लाल होतो किंवा लुकलुकत राहतो. पिन काढलीत तर तिच्या तोंडात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश इन्फ्रारेड असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे चालू आहे की बंद हे बघून कळणार नाही आणि डोळ्यांना मात्र धोका असतो.

दुसरी रेष मोडेमपासून राऊटरपर्यंतची. ती राऊटरच्या त्या वेगळ्या पडलेल्या पाचव्या चौकोनात जाते. तो वॅन पोर्ट. बहुतेक राऊटरवर त्याचा रंग बाकी चारांपेक्षा वेगळा असतो, काहींवर नुसतं 'इंटरनेट' असं छापलेलं असतं. बाकीची चार लॅन पोर्टं. दिसायला पाचही सारखी, पिन सगळीकडे तीच बसते, पण आत मोठा फरक आहे. वॅन हा राऊटरचा बाहेरचा दरवाजा आणि लॅन म्हणजे आतल्या खोल्या. साफसफाई करताना केबल निघाली आणि परत लावताना लॅनमध्ये गेली, ही चूक मी इतक्या घरांत बघितली आहे की नेट बंद पडल्याचा फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारतो. अशा वेळी कधीकधी नेट पूर्ण बंद पडत नाही, आणि तेच जास्त त्रासाचं. कारण तुमच्या घरात नेटवर्कचे पत्ते वाटणारे दोन डबे आहेत, आणि चुकीच्या पोर्टमुळे दोघेही एकाच नेटवर्कवर येऊन वाटप करायला लागतात. मग एक फोन चालतो, दुसरा चालत नाही, आणि सकाळी चालणारा संध्याकाळी बंद.

पत्ते वाटणारे दोन डबे कुठून आले? तेच तुम्ही विचारलेल्या दोन आकड्यांचं उत्तर आहे.

192.168 ने सुरू होणारे पत्ते घरातल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे जगातल्या असंख्य घरांत हेच आकडे वापरात असतात आणि कुणाची कुणाशी गाठ पडत नाही. राऊटर स्वतः त्यातला एक पत्ता घेतो, तुमच्याकडे 192.168.0.1, आणि घरातल्या फोन, लॅपटॉप, टीव्हीला 192.168.0.2 पासून पुढचे पत्ते वाटतो. बाहेर जाताना या सगळ्यांच्या वतीने तो एकच पत्ता पुढे करतो. हे राऊटरचं मुख्य काम. आता तुमच्या मोडेमपाशीही तसाच पत्ता लिहिलाय, 192.168.1.1. याचा अर्थ तुमचा मोडेम नुसता मोडेम नाही, त्याच्या पोटात एक राऊटरही आहे आणि तो चालू आहे. हल्ली कंपनीकडून येणारे बरेचसे डबे असेच असतात. म्हणजे आकृतीत राऊटर एक दिसतो, पण एकामागे एक असे दोन आहेत.

आकृती जुनी असेल आणि नंतर कुणी सेटिंग बदललं असेल, तर खात्री करून घ्या. राऊटरला जोडलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका:

```
tracert -d 8.8.8.8
```

तुमच्या कॉम्प्युटरपासून बाहेर जाताना वाटेत कोणकोणते थांबे लागतात त्याची ही यादी. पहिल्या दोन ओळी साधारण अशा आल्या तर दोन्ही राऊटर चालू आहेत:

```
  1    <1 ms    <1 ms    <1 ms  192.168.0.1
  2     1 ms     1 ms     1 ms  192.168.1.1
```

दुसऱ्या ओळीत 192.168.1.1 आलाच नाही आणि वेगळाच पत्ता आला, तर मोडेमचा राऊटर कुणीतरी बंद करून ठेवलेला आहे. दुसरी ओळ नुसती चांदण्या दाखवत असेल तर यावरून काही ठरवता येणार नाही. मग ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकून राऊटरचं पान उघडा आणि स्टेटसमध्ये वॅनचा पत्ता बघा. तो 192.168.1. ने सुरू होत असेल तर तो मोडेमनेच दिलेला आहे.

यामुळे नेट हळू होतं का? तुमच्या बाबतीत नाही. दुसऱ्या थांब्याला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. मागच्या खोलीच्या त्रासाशी याचा संबंध जोडू नका. त्रास होतो तो वेगळ्या कामांत: घरातला कॅमेरा बाहेरून थेट बघायचा असेल, ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्यांनी तुमच्याकडे जोडून घ्यायचं असेल, किंवा प्रिंटर चुकून मोडेमच्या वायफायवर आणि लॅपटॉप राऊटरच्या वायफायवर असेल. असं असेल तर प्रिंटर शेजारच्या टेबलावर असूनही लॅपटॉपच्या यादीत दिसत नाही, कारण मध्ये राऊटरची भिंत आहे. यातलं काही तुम्हाला लागत नसेल तर ही मांडणी आहे तशी राहू द्या. लागत असेल तर मोडेम ब्रिज मोडवर टाकायला कंपनीला सांगा, म्हणजे त्याच्या पोटातला राऊटर बंद होईल आणि तो नुसतं मोडेमचं काम करेल.

राऊटरपासून कॉम्प्युटर आणि टीव्हीकडे गेलेल्या दोन सरळ रेषा साध्या नेटवर्क केबल आहेत. ही तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लांबी कधी होत नाही. नागमोडी रेषा मोबाईल आणि लॅपटॉपकडे गेल्या आहेत, त्यांच्याजवळ `Ghar` असं वायफायचं नाव लिहिलंय. एक्स्टेंडरपासून निघालेल्या नागमोडी रेषेपाशी मात्र `Ghar_EXT` आहे. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे तपासताना लागतील.

आता तुटक रेष. राऊटरच्या अँटेनापासून निघून, दोन भिंती पार करून ती मागच्या खोलीतल्या एक्स्टेंडरला मिळते. बाकी वायफायच्या रेषा नागमोडी असताना हीच तेवढी तुटक का काढली असेल? माझ्या मते काढणाऱ्याला दाखवायचं होतं की ही कुठल्या फोनची किंवा लॅपटॉपची रेष नाही, दोन डब्यांमधली आहे. हे वेगळेपण खरंच महत्त्वाचं आहे. मागच्या खोलीतला प्रत्येक फोन, लॅपटॉप, प्रिंटर जे काही मागवतो, ते सगळं या एका रेषेवरून येतं आणि जातं.

एक्स्टेंडर स्वतः नेट तयार करत नाही. राऊटरच्या दृष्टीने तो आणखी एका फोनसारखाच असतो. तो राऊटरच्या वायफायला जोडतो, तिकडून आलेलं ऐकतो आणि तेच आपल्या वायफायवर पुन्हा बोलतो. साध्या एक्स्टेंडरमध्ये हे ऐकणं आणि बोलणं एकाच रेडिओवर, एकाच चॅनेलवर चालतं. एका वेळी एकच करता येतं. म्हणून प्रत्येक माहिती हवेतून दोनदा जाते, एकदा राऊटरकडून एक्स्टेंडरकडे, एकदा एक्स्टेंडरकडून लॅपटॉपकडे, आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. हा एक्स्टेंडरचा दोष नाही, त्याच्या कामाची पद्धतच तशी आहे. ज्या एक्स्टेंडरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन रेडिओ असतात, तो एका बँडवर राऊटरशी आणि दुसऱ्यावर लॅपटॉपशी बोलू शकतो, तिथे हे निम्मं होणं टळतं. आकृतीत एक्स्टेंडरपाशी '2.4' एवढंच लिहिलंय, म्हणून मी तुमचा एकाच रेडिओचा धरतो.

आता रेंज फुल का दिसते ते बघा. आकृतीत एक्स्टेंडर मागच्या खोलीच्या आत, अगदी लॅपटॉपला लागून काढलाय. लॅपटॉपवरच्या त्या चार रेघा लॅपटॉप ते एक्स्टेंडर एवढ्याच अंतराचं माप दाखवतात. ते अंतर हातभर आहे, रेंज फुल दिसणारच. त्याच्या मागे एक्स्टेंडर ते राऊटर ही तुटक रेष किती अशक्त आहे, ते लॅपटॉपला कळायला काही मार्गच नाही. जिथे रेंज मरते तिथेच एक्स्टेंडर लावायचा, हे मनाला पटतं, आणि म्हणून सगळे तसंच करतात. पण तिथे एक्स्टेंडरलाही तीच मेलेली रेंज मिळते. तो तिला मोठ्या आवाजात पुन्हा बोलतो, एवढंच.

तुटक रेष मोजायची रीत सांगतो. एक्स्टेंडरचा प्लग काढा. फोन `Ghar` ला जोडा, `Ghar_EXT` ला नाही. फोन नेमका एक्स्टेंडरच्या जागी, त्याच उंचीवर धरा आणि वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये आकडा बघा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो. उणे ७५ च्या खाली जोडणी टिकते पण रखडते. हे माप सरळ वाढत नाही, दहा आकडे खाली म्हणजे ताकद दहापटीने कमी, त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७७ यांत दिसतो त्यापेक्षा खूप मोठा फरक आहे. आकडा पाहिला की तिथेच उभं राहून स्पीड टेस्ट घ्या.

समजा तुमचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं आहे. राऊटरशेजारी वायफायवर ८० मिळतात. एक्स्टेंडरच्या जागी उणे ७८ आणि स्पीड २२ आला. हे २२ म्हणजे एक्स्टेंडरला जास्तीत जास्त मिळणारा माल. फोनच्या आणि एक्स्टेंडरच्या अँटेना वेगळ्या असतात, म्हणून थोडं कमीजास्त धरा. आता एक्स्टेंडर चालू करून लॅपटॉपवर टेस्ट घेतली तर निम्म्याच्या हिशोबाने १० च्या आसपास यायला हवेत. तसे आले तर निदान पक्कं झालं, एक्स्टेंडर व्यवस्थित चालतोय, फक्त उपाशी आहे. १० ऐवजी १ किंवा २ च आले तर मात्र एक्स्टेंडर बिघडलेला असेल किंवा शेजारच्या वायफायचा गोंगाट असेल, तो वेगळा तपास.

मग एक्स्टेंडर हलवा. आकृतीत दोन भिंतींच्या मध्ये बोळ दाखवलाय आणि तिथे दाराजवळ विजेच्या पॉइंटची खूणही आहे. तिथे पुन्हा तेच माप घ्या. समजा उणे ६३ आणि स्पीड ६० आला. तिथून पुढे एक्स्टेंडर निम्मं करून ३० देईल, आणि मागच्या खोलीत एका भिंतीपलीकडे २५ तरी पोचतील. आता लॅपटॉपवरची रेंज चारऐवजी तीन रेघा दाखवेल आणि नेट मात्र दुपटीहून जास्त वेगाने चालेल. माझ्या अनुभवात लोकांना इथेच पटवून द्यावं लागतं. रेघ कमी झालेली बघून ते एक्स्टेंडर परत आत नेऊन लावतात.

तपासताना लॅपटॉप नक्की कोणाला जोडलाय ते बघत जा. दोन नावं वेगळी ठेवली आहेत म्हणून तुम्हाला सोपं आहे. विंडोजवर ही कमांड नाव आणि जोडणीचा वेग दोन्ही दाखवते:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `SSID` पुढे नाव येतं आणि `Receive rate` पुढे जोडणीचा वेग. हाही वेग लॅपटॉप ते एक्स्टेंडर एवढाच आहे हे विसरू नका. तिथे १४४ दिसले म्हणून १४४ मिळत नाहीत.

आता प्रिंटरकडे बघा. एक्स्टेंडरच्या खालच्या कडेला एक बारीक चौकोन आहे आणि तिथून सरळ रेष प्रिंटरला गेली आहे. ही खरीच केबल आहे. बऱ्याच एक्स्टेंडरला असं एक पोर्ट असतं. पण या सरळ रेषेने दिशाभूल होऊ देऊ नका. केबल प्रिंटर ते एक्स्टेंडर एवढीच आहे, तिथून पुढे माहिती त्याच तुटक रेषेवरून जाते. प्रिंटरला ते पुरतं. पण उद्या केबलने जोडला म्हणजे वेगवान होईल या विचाराने मागच्या खोलीत कॉम्प्युटर त्या पोर्टला लावलात, तर त्यालाही एक्स्टेंडरला मिळणाऱ्या त्या २२ च्या वर काही मिळणार नाही. निम्मं होणं मात्र टळेल, कारण शेवटचा टप्पा हवेतून उरत नाही.

राहिली पेन्सिलची फिकट रेष. ती राऊटरच्या एका मोकळ्या लॅन पोर्टपासून निघून भिंतीच्या कडेकडेने जाते आणि एक्स्टेंडरच्या त्याच खालच्या चौकोनाशी येऊन थांबते. तिथे टोक चौकोनाला टेकवलेलं नाही, जरासं आधी सोडलंय. बाकी सगळं पेनने आणि हीच पेन्सिलने, टोकही सुटलेलं, यावरून माझा अंदाज असा की ही केबल टाकायचा विचार होता आणि ती राहून गेली. राऊटरच्या मागे मोजून बघा. मोडेमची, कॉम्प्युटरची, टीव्हीची अशा तीनच केबल असतील तर अंदाज बरोबर.

ती केबल टाकता आली तर अवश्य टाका. मागच्या खोलीचा प्रश्न कायमचा सुटेल. एक्स्टेंडरला राऊटरकडून केबलने माल मिळायला लागला की भिंतींचा अडथळा संपतो आणि निम्मं होणंही संपतं. तुमच्या आकृतीत एक्स्टेंडरला चौकोन एकच आहे, तेव्हा प्रिंटरची केबल काढून तो वायफायवर घ्यावा लागेल किंवा तिथे एक छोटा स्विच लावावा लागेल. आणि केबल टाकलीत की एक्स्टेंडर बोळातून परत मागच्या खोलीत नेता येईल, कारण आता त्याला राऊटरची रेंज लागणारच नाही.

पण केबल लावण्याआधी एक काम करा, आणि ते आधीच करा. एक्स्टेंडरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा मोड रिपीटरवरून ॲक्सेस पॉइंटवर न्या. रिपीटर म्हणजे माल वायफायनेच घ्यायचा आणि वायफायनेच वाटायचा, ॲक्सेस पॉइंट म्हणजे माल केबलने घ्यायचा आणि वायफायने वाटायचा. काही एक्स्टेंडर केबल लागलेली ओळखून आपणच बदल करतात, सगळे करत नाहीत. मोड न बदलता केबल लावली तर राऊटर आणि एक्स्टेंडर यांच्यात एकाच वेळी दोन वाटा तयार होतात, एक तुटक आणि एक सरळ. नेटवर्कवर काही संदेश सगळ्यांसाठी म्हणून पाठवले जातात. असा संदेश केबलने एक्स्टेंडरकडे जातो, तो वायफायने परत राऊटरकडे पाठवतो, राऊटर पुन्हा केबलने पाठवतो, आणि तो गोल फिरतच राहतो. नेटवर्कच्या या पातळीवर संदेशाला वय नसतं, म्हणजे इतके फेरे झाले की टाकून दे अशी सोय नसते. असे संदेश साचत जातात आणि थोड्याच वेळात सगळ्या घराचं नेट ठप्प होतं, केबलवरच्या कॉम्प्युटरचंसुद्धा.

मी सुरुवातीच्या काळात एका घरी हेच करून बसलो होतो. केबल टाकली, पिन लावली, आणि राऊटरवरचे सगळे दिवे एकाच लयीत, थांबल्याशिवाय लुकलुकायला लागले. मोडेम बिघडला असं समजून मी तो दोनदा बंद-चालू केला. शेवटी एक्स्टेंडरची पिन काढली आणि काही सेकंदांत दिवे नेहमीसारखे झाले. ती खूण तेव्हापासून डोक्यात पक्की आहे: सगळे दिवे एकदम आणि अखंड लुकलुकतायत, घरभर नेट बंद, आणि एक केबल काढली की सगळं पूर्ववत, तर गोल वाट तयार झाली आहे.

मोड बदलल्यावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. रिपीटर असताना एक्स्टेंडरला राऊटरच्याच चॅनेलवर राहणं भाग होतं. आता ते बंधन नाही, म्हणून दोघांना वेगळे चॅनेल द्या. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. राऊटर १ वर असेल तर एक्स्टेंडर ६ किंवा ११ वर ठेवा, शेजाऱ्यांचा गोंगाट जिथे कमी तो निवडा. दुसरं केबलच्या पिनचं. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. पिन बसवताना एखादी तार नीट दाबली गेली नाही तर केबल बंद पडत नाही, बऱ्याचदा गुपचूप १०० वर उतरते. आधी त्या केबलला लॅपटॉप लावून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. राऊटर आणि लॅपटॉप दोन्ही गिगाबिटचे असून तिथे १००० ऐवजी १०० दिसले तर पिन पुन्हा बसवून घ्या. तुमच्या एक्स्टेंडरचं पोर्टच १०० चं असेल तर त्यावर जाऊन काही फरक पडणार नाही, पण केबल भिंतीत राहणार आहे आणि पुढे कधी डबा बदललात तर तीच उपयोगाला येईल.

हे सगळं झालं की त्या पानावर पेन्सिलची रेष पेनने गिरवा, तिचं टोक एक्स्टेंडरच्या चौकोनाला टेकवा आणि राऊटरकडच्या टोकापाशी पोर्टचा नंबर लिहा. तुटक रेष खोडून टाका. एक्स्टेंडरपाशी '2.4' च्या शेजारी त्याचा नवा चॅनेल आणि मोड लिहून ठेवा. राऊटरच्या मागच्या बाजूचा आणि एक्स्टेंडरच्या लेबलचा फोटो पाठवलात तर त्याचं पोर्ट १०० चं आहे की १००० चं, आणि त्यात दुसरा रेडिओ आहे की नाही, तेही सांगता येईल.